योगर्टच्या विरजणातील दोन जीवाणू: त्यांची देवघेव पाच बरण्यांत कशी पाहावी

केवळ थर्मोफिलस हा एकच जीवाणू घालून विरजलेल्या दुधाची बरणी पाच तासांनी हलकेच तिरकी केली, तर दूध विरजल्यासारखे दिसते खरे, पण काठाशी ते ओघळू लागते आणि चमच्याने कापलेली कड क्षणभरही उभी राहत नाही. पीएच मोजला तर तो बहुधा ५.२ ते ५.४ च्या दरम्यान अडकलेला असतो. त्याच दुधाच्या शेजारच्या बरणीत दोन्ही जीवाणू घातलेले असतील, तर तेवढ्याच वेळात तिचा पीएच ४.६ पर्यंत उतरलेला असतो आणि कापलेली कड स्वच्छ, चकचकीत दिसते. दूध तेच, तापमान तेच, विरजणाचे वजनही तेच. हा फरक कशामुळे पडतो, हे घरच्या स्वयंपाकघरात पीएच-मापकाच्या मदतीने टप्प्याटप्प्याने पाहता येते. पुढे दिलेली पद्धत त्यासाठीच आहे.

प्रथम नावे स्पष्ट करून घेऊ. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार योगर्ट म्हणजे स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, उपजाती बल्गेरिकस, या दोन जीवाणूंच्या सहजीवी विरजणाने आंबवलेले दूध. पहिला गोलाणू आहे आणि तो माळेसारख्या साखळ्यांत वाढतो. दुसरा दंडाणू आहे, म्हणजे काडीच्या आकाराचा. पुढे मी त्यांना थर्मोफिलस आणि बल्गेरिकस एवढेच म्हणेन. दोघेही दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, दोघांनाही ४० ते ४५ अंश सेल्सिअसची ऊब मानवते आणि दोघेही एकेकटे दुधात जगू शकतात. म्हणूनच त्यांच्यातील नाते परावलंबनाचे नसून परस्परांना वेग देण्याचे आहे, आणि एकेकट्या विरजणाचे वागणे समजून घेताना हा भेद मनात ठेवावा लागतो. एकटा जीवाणू दूध विरजतो, पण सावकाश, आणि वेगळ्या ठिकाणी जाऊन थांबतो.

कोण कोणाला काय देतो

दुधात प्रथिने भरपूर असतात, परंतु त्यांतील बहुतेक नायट्रोजन केसीनच्या मोठ्या रेणूंत अडकलेला असतो. जीवाणूला थेट उचलता येतील अशी सुटी अमिनो आम्ले आणि छोटे पेप्टाइड फार थोडे असतात. थर्मोफिलसच्या पुष्कळ वाणांच्या पेशीभित्तीवर केसीन तोडणारे विकर नसते. असा वाण सुरुवातीला दुधातील सुट्या अमिनो आम्लांवर झपाट्याने वाढतो आणि तो साठा संपला की मंदावतो. बल्गेरिकसकडे मात्र पेशीभित्तीवरच असे विकर असते आणि ते केसीनची साखळी बाहेरच्या बाहेर कापते. त्यातून सुटणारे सगळेच तुकडे त्याला स्वतःला लागत नाहीत. उरलेले दुधात राहतात आणि थर्मोफिलस ते उचलतो. नेदरलँड्समधील पेटे आणि लोल्केमा यांनी १९५० साली मिश्र विरजणाचा अभ्यास करून ही मदत अमिनो आम्लांच्या, विशेषतः व्हॅलिनच्या, रूपाने होते असे दाखवले.

परतफेडीचा शोध थोडा उशिरा लागला. बल्गेरिकसला नवी पेशी घडवताना आरएनए आणि डीएनए यांसाठी प्युरिन लागतात, आणि प्युरिन तयार करताना फॉर्मिक आम्लाचा उपयोग होतो. बल्गेरिकस स्वतः ते पुरेसे तयार करू शकत नाही. थर्मोफिलस मात्र ते तयार करून बाहेर टाकतो. ‘थर्मोफिलसकडून मिळणारा वाढीचा घटक’ म्हणून जो पदार्थ शोधला जात होता तो फॉर्मिक आम्लच आहे, हे व्हेरिंगा, गॅलेस्लूट आणि डाव्हेलार यांनी १९६८ साली दाखवले. शिवाय थर्मोफिलस दुधातील युरिया तोडतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो फोलेटही पुरवतो आणि दुधात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतो. या सगळ्याचा बल्गेरिकसला फायदा होतो, पण मला यांतील फॉर्मिक आम्लाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे दूध किती तापवावे यासारखा अगदी व्यावहारिक प्रश्न सुटतो. दूध खूप वेळ उच्च तापमानाला ठेवले तर त्यातील साखरेच्या विघटनातूनही थोडे फॉर्मिक आम्ल तयार होते. म्हणजे थर्मोफिलसने द्यायची वस्तू उष्णतेकडूनही मिळू शकते. याचाच उपयोग आपण पाचव्या बरणीत करणार आहोत.

आधीची तयारी: दोन स्वतंत्र विरजणे

या प्रयोगासाठी दोन्ही जीवाणूंची वेगवेगळी, शुष्क केलेली विरजणे हवीत. पाकिटावरील नाव अक्षर न् अक्षर वाचावे. ‘उष्ण विरजण’ किंवा ‘थर्मोफिलिक विरजण’ असे लिहिले असले, की त्यात दोन्ही जीवाणू असतीलच असे नाही. असेच एक पाकीट मी योगर्टसाठी आणले होते, आणि तीन वेळा दूध सैल राहिल्यावर बारीक अक्षरांत एकट्या थर्मोफिलसचे नाव माझ्या लक्षात आले. तोपर्यंत मी दुधाला, तापमापकाला आणि बरण्यांना दोष देत होतो.

प्रत्येक जीवाणूसाठी २०० ग्रॅम दूध ९० अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटे त्याच तापमानाला ठेवावे, ४३ अंशांपर्यंत निववावे आणि त्यात पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात एकाच जीवाणूची भुकटी मिसळावी. भांडी व चमचे उकळत्या पाण्यातून काढलेले आणि दोन्ही विरजणांसाठी वेगळे असावेत, कारण एका चमच्यावर राहिलेला थेंबभर अंशसुद्धा एकेकट्या विरजणाला मिश्र विरजण करून टाकतो आणि मग पुढची सगळी मोजणी व्यर्थ जाते. थर्मोफिलसच्या दुधाला साधारण आठ ते दहा तास लागतात, बल्गेरिकसच्या दुधाला चौदा ते अठरा. दोन्ही थंड करून शीतकपाटात ठेवावीत आणि दोन दिवसांच्या आत वापरावीत.

आता बल्गेरिकसच्या विरजणातून सुमारे २० ग्रॅम बाजूला काढून ठेवावे आणि उरलेले स्वच्छ कापडात बांधून टांगावे. खाली जी निवळी जमेल तिच्यात बल्गेरिकसने केसीनमधून कापून काढलेले पेप्टाइड आणि अमिनो आम्ले असतात. आपल्याला हे तुकडे हवे आहेत, पण जिवंत बल्गेरिकस नको आहे. त्यासाठी निवळीत खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालून तिचा पीएच ६.५ च्या जवळ आणावा आणि नंतर ती ९० अंशांवर पंधरा मिनिटे तापवावी. सोडा आधी आणि उष्णता नंतर, हा क्रम उलटा करू नये. सोड्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड तापवताना निघून जातो. तो निवळीत राहिला तर पीएचचे आकडे दिशाभूल करतात, आणि परिणाम पेप्टाइडचा की वायूचा हेही कळेनासे होते.

निवळीतील जीवाणू खरोखरच मेले आहेत याची खात्री करण्यासाठी तिचा एक चमचा १०० ग्रॅम तापवून निववलेल्या दुधात घालून, दुसरे काहीही न मिसळता, ती बरणी ४३ अंशांवर बारा तास ठेवावी. दूध आंबले तर निवळी पुन्हा तापवावी आणि पुन्हा तपासावी. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळली तर चौथ्या बरणीचा निकाल काहीच सिद्ध करत नाही.

पाच बरण्या

सुमारे सव्वा लिटर दूध ९० अंशांवर दहा मिनिटे तापवून निववावे. या तापमानाला दुधातील केसीनखेरीजची प्रथिने उलगडून केसीनच्या कणांना चिकटतात आणि त्यामुळे विरजलेले दूध अधिक घट्ट बसते. वेगळे ३०० मिलिलिटर दूध प्रेशर कुकरमध्ये ठेवावे. दुधाच्या भांड्यावर सैल झाकण असावे, खाली कुकरच्या तळाशी पुरेसे पाणी असावे आणि दाब आल्यानंतर मंद आचेवर वीस मिनिटे ठेवून कुकर आपोआप निवू द्यावा. हे दूध किंचित तपकिरी होते आणि त्याला शिजलेला वास येतो. तसेच अपेक्षित आहे.

प्रत्येक प्रकारासाठी दोन बरण्या कराव्यात. एकीतून पीएच मोजायचा आणि दुसरीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, कारण मोजताना विरजत असलेले दूध हलते आणि घट्टपणाचा अंदाज चुकतो. प्रत्येक बरणीत एकूण १५० ग्रॅम ऐवज राहील.

‘क’ बरणीत १३२ ग्रॅम दूध, उकळून निववलेले १५ ग्रॅम पाणी आणि थर्मोफिलसचे ३ ग्रॅम विरजण घालावे. ‘ख’ मध्ये तेवढेच दूध व पाणी, पण ३ ग्रॅम विरजण बल्गेरिकसचे. ‘ग’ मध्ये दूध व पाणी तसेच ठेवून दोन्ही विरजणे प्रत्येकी दीड ग्रॅम. ‘घ’ मध्ये पाण्याऐवजी मारलेली निवळी १५ ग्रॅम आणि थर्मोफिलस ३ ग्रॅम. ‘च’ मध्ये कुकरमधील दूध १३२ ग्रॅम, पाणी १५ ग्रॅम आणि बल्गेरिकस ३ ग्रॅम. पाणी घालण्याचे कारण एवढेच, की ‘घ’ मध्ये निवळीने दूध जितके पातळ होते तितकेच ते सगळीकडे व्हावे.

सर्व बरण्या ४३ अंशांच्या पाण्यात ठेवाव्यात आणि पाण्याची पातळी बरणीतील दुधाच्या पातळीइतकी असावी. पीएच-मापक ७ आणि ४ च्या मानक द्रावणांत जुळवून घ्यावा. दर अर्ध्या तासाने मोजणीच्या बरणीतून एक चमचा नमुना वाटीत काढावा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावर मोजावा. मापकाचे टोक एका बरणीतून दुसरीत बुडवले, तर जीवाणूही त्याच्याबरोबर प्रवास करतात.

आकडे कसे वाचावेत

पुढे दिलेल्या वेळा वाणानुसार आणि विरजणाच्या ताजेपणानुसार मागेपुढे होतात. त्यामुळे नेमक्या तासांपेक्षा रेषांचा आकार पाहावा.

सर्वांत बोलकी जागा ‘क’ आणि ‘ग’ यांच्या तुलनेत आहे. पहिला तास-दीड तास दोन्ही रेषा जवळजवळ बरोबरीने चालतात. पीएच ६.६ वरून अगदी थोडा खाली येतो, कारण दोन्हींत त्या वेळी मुख्यतः थर्मोफिलसच दुधातील सुट्या अमिनो आम्लांवर वाढत असतो आणि युरियापासून सुटणारा अमोनिया थोडे आम्ल झाकून टाकत असतो. त्यानंतर रेषा फुटतात. ‘ग’ मध्ये बल्गेरिकसने कापलेले पेप्टाइड पोहोचू लागतात, थर्मोफिलसची वाढ दुसऱ्यांदा उसळी घेते आणि पीएच वेगाने घसरून चार ते पाच तासांत ४.६ ला येतो. ‘क’ मध्ये ही दुसरी उसळी येत नाही. रेषा ५.५ च्या खाली आली की आडवी होऊ लागते. तापवलेले दूध ५.३ च्या आसपास घट्ट होण्यास सुरुवात करते, पण केसीनचे कण एकमेकांना घट्ट धरतात ते ४.६ च्या जवळ. म्हणूनच ‘क’ ची बरणी विरजल्यासारखी दिसते आणि चमचा लागताच सैल पडते.

‘घ’ ही बरणी या लेखाचे मर्म आहे. तिच्यात जिवंत बल्गेरिकस नाही, फक्त त्याने आधी कापून ठेवलेले तुकडे आहेत. थर्मोफिलसचा वाण विकर नसलेला असेल, तर ‘घ’ ची रेषा ‘क’ सारखी अडकत नाही. ती ‘ग’ च्या मागोमाग उतरते, जरी सहसा तिला पूर्ण गाठत नाही, कारण जिवंत बल्गेरिकस तुकडे कापतच राहतो, तर निवळीतील साठा एकदाच मिळालेला असतो. ‘क’ आणि ‘घ’ यांत काहीच फरक दिसला नाही आणि ‘क’ स्वतःच पाच-सहा तासांत ४.६ ला पोहोचली, तर प्रयोग फसला असे समजू नये. काही वाणांकडे केसीन तोडणारे स्वतःचे विकर असते आणि असा वाण एकटाही बऱ्यापैकी वेगाने दूध विरजतो. आपल्या पाकिटात कोणता वाण आहे हे ओळखण्याचा हा घरगुती मार्गच आहे.

‘ख’ बरणी चार तासांनीही जवळजवळ पातळच असते. तिला ४.६ पर्यंत पोहोचण्यास आठ ते बारा तास लागू शकतात. ‘च’ तिच्या लक्षणीय पुढे असते, कारण कुकरमधील दुधात उष्णतेने तयार झालेले फॉर्मिक आम्ल असते आणि ऑक्सिजनही बराच निघून गेलेला असतो. या दोन कारणांतील वाटा या एका बरणीवरून वेगळे काढता येत नाहीत, हे मात्र मान्य करावे लागते.

सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर ‘ख’ आणि ‘ग’ यांचा एकेक थेंब पाण्यात पातळ करून काचपट्टीवर पसरावा, वाळवावा, ज्योतीवरून फिरवावा, मिनिटभर मिथिलीन ब्ल्यूने रंगवून धुवावा आणि तेलात बुडवायच्या भिंगाखाली पाहावा. ‘ग’ मध्ये आखूड, नीटस काड्या आणि त्यांच्या शेजारी मण्यांच्या माळा दिसतात. ‘ख’ मधील काड्या मात्र कधी कधी विलक्षण लांब, दोऱ्यासारख्या झालेल्या असतात. फॉर्मिक आम्लाच्या टंचाईत बल्गेरिकसची पेशी लांबत जाते, पण वेळेवर विभागत नाही. पीएचच्या आकड्यांमागे काय चालले आहे, ते इथे डोळ्यांना दिसते.

एकेकटे विरजण वापरायचे असेल तर

हात न लावलेल्या बरण्या पुरेशा आंबल्यावर शीतकपाटात ठेवाव्यात आणि आठवड्याने पीएच व चव पाहावी. थर्मोफिलस आम्लाला लवकर नमतो आणि ४.५ च्या आसपास मंदावतो, त्यामुळे त्याचे दूध सौम्य राहते आणि साठवणीत फारसे आंबत नाही. मात्र योगर्टचा ओळखीचा ताजा, किंचित हिरव्या सफरचंदासारखा गंध ज्या ॲसिटाल्डिहाइडमुळे येतो, ते त्यात बहुधा कमी असते. बल्गेरिकस याच्या उलट आहे. तो ४ च्या खालीही आम्ल करत राहू शकतो. त्यामुळे ‘ख’ आठवड्याने झणझणीत आंबट, कधी न वापरलेल्या पेप्टाइडमुळे कडवट, आणि वर निवळी सुटलेली असते.

सौम्य चवीसाठी कोणी मुद्दाम थर्मोफिलस एकटा वापरत असेल, तर केवळ विरजणाचे प्रमाण वाढवून अडकलेला पीएच खाली येत नाही, कारण तिथे उणीव जीवाणूंची नसून त्यांच्या खाद्याची असते. त्याऐवजी विकर असलेला वाण निवडावा किंवा एकूण विरजणाच्या विसाव्या भागाएवढे बल्गेरिकसचे विरजण मिसळावे. एवढ्याशा भागानेही पेप्टाइड मिळू लागतात आणि साठवणीतील आंबटपणा पूर्ण मिश्रणापेक्षा आटोक्यात राहतो. बल्गेरिकस एकटा वापरायचा असेल, तर दूध अधिक वेळ तापवावे आणि विरजल्यावर ४.६ ला येताच झटपट थंड करावे. कोणत्याही बरणीत बारा तासांनंतरही पीएच ४.६ च्या वर राहिला, बुडबुडे आले किंवा यीस्टसारखा वास आला, तर ती चाखून न पाहता टाकून द्यावी, कारण मंद आंबणाऱ्या दुधात नको असलेल्या जीवाणूंना भरपूर वेळ मिळालेला असतो.

मिश्र विरजण अचानक एकेकट्यासारखे वागू लागले तर

महिनोन् महिने नीट चाललेले मिश्र विरजण एखाद्या दिवशी ‘ख’ सारखे मंद होते. अशा वेळी बहुधा थर्मोफिलस गेलेला असतो. त्याच्यावर हल्ला करणारे जीवाणूभक्षी विषाणू हे एक कारण, आणि दुधात राहिलेला पेनिसिलीनसारख्या प्रतिजैविकाचा अंश हे दुसरे. पेनिसिलीनला थर्मोफिलस फार संवेदनशील आहे. यांतील भेद ओळखण्यासाठी तेच विरजण वेगळ्या ठिकाणच्या दुधात लावून पाहावे. तिथे ते नेहमीसारखे चालले तर दोष दुधात होता. तिथेही अडखळले तर विरजण फेकून, भांडी उकळून, नव्या पाकिटापासून सुरुवात करावी. शक्यतो ते पाकीट वेगळ्या वाणाचे असावे, कारण एका वाणावर वाढणारा विषाणू दुसऱ्यावर वाढेलच असे नाही.

बदल सावकाश झाला असेल, म्हणजे दर खेपेस विरजण थोडे अधिक आंबट होत गेले असेल, तर विषाणूपेक्षा तापमानाचा संशय घ्यावा. ४५ अंशांकडे झुकणारी ऊब आणि विरजल्यानंतरही तासन् तास उबेत ठेवण्याची सवय बल्गेरिकसला पुढे नेते. ४० अंशांजवळची ऊब आणि वेळेवर थंड करणे थर्मोफिलसला सांभाळते. काचपट्टीवर माळा आणि काड्या साधारण बरोबरीने दिसतील असे पाहावे, आणि मोजताना संपूर्ण माळ एकच धरावी. काड्याच काड्या दिसू लागल्या, तर पुढच्या दोन-तीन खेपा ४१ अंशांवर लावून ४.६ ला येताच बरणी थंड पाण्यात ठेवावी आणि मग पुन्हा काचपट्टी पाहावी.